विषय: दोन टँकर आम्लतेत नापास झाल्याबाबत आपल्या मेलला उत्तर

आदरणीय जाधव साहेब,
सादर नमस्कार.

आपला मेल काल रात्री वाचला. उत्तर देण्याआधी सकाळी केंद्रावर जाऊन रजिस्टर, जनरेटरचा अवर मीटर आणि कूलरची टाकी स्वतः पाहिली.

आपण लिहिले आहे ते बरोबर आहे. 9 मे आणि 14 मे या दोन्ही दिवशी आपल्या केंद्राचे दूध डॉकवर 0.16 आणि 0.17 आम्लतेला परत गेले. दोन्ही वेळा मी आपल्याला फोनवर "लाइट गेली होती" एवढेच सांगितले. मेमध्ये संध्याकाळी लाइट जाणार हे धरूनच केंद्र चालवायचे असते आणि त्यासाठीच जनरेटर दिलेला आहे. 14 तारखेला वीज 2 तास 10 मिनिटे नव्हती. अवर मीटरप्रमाणे जनरेटर 1 तास 15 मिनिटेच चालला. मधली 55 मिनिटे संध्याकाळचे कोमट दूध सकाळच्या थंड दुधात पडत होते, कॉम्प्रेसर आणि ढवळणी दोन्ही बंद होत्या. ऑपरेटर जेवायला घरी गेला होता. ती ड्यूटी मीच लावली होती, त्यामुळे त्याला नोटीस देऊ नये अशी विनंती आहे.

तापमान रजिस्टरबद्दलचा आपला आक्षेपही खरा आहे. 7, 8 आणि 9 वाजताच्या नोंदी एकाच वेळी भरलेल्या आहेत आणि तिन्ही ठिकाणी 4 अंश लिहिले आहे. मी रोज खाली सही करत होतो, आकडे तपासत नव्हतो. गोठ्यातून चांगले आलेले दूध आमच्या टाकीत बिघडले, ही गोष्ट मला सर्वात जास्त लागली आहे.

आज संध्याकाळपासून पुढीलप्रमाणे काम सुरू करत आहे.

संकलन सुरू झाल्यापासून रात्री 10 पर्यंत ऑपरेटर केंद्र सोडणार नाही. जेवणाचा डबा केंद्रावरच येईल, तसे त्याच्याशी बोललो आहे. 31 मेपर्यंत या वेळेत मी स्वतः हजर राहीन. लाइट गेल्यापासून 5 मिनिटांत जनरेटर सुरू झाला पाहिजे. डिझेलचा भरलेला कॅन खोलीतच ठेवला आहे. दर अर्ध्या तासाला कूलरच्या डिस्प्लेचा फोटो केंद्राच्या ग्रुपवर पडेल आणि त्यावरूनच रजिस्टर भरले जाईल. संध्याकाळचे दूध पडताना टाकीचे तापमान 10 अंशांवर गेले तर कॅन ओतणे थांबवायचे, आणि संकलन संपल्यावर दोन तासांत 4 अंश आले नाही तर मला आणि डॉकला फोन करायचा. टँकर भरण्याआधी अल्कोहोल टेस्ट आणि उकळून फाटते का ही तपासणी केंद्रावरच होईल. शंका आली तर टँकर न भरता आधी आपल्याला कळवीन.

टाकी पाहताना आणखी एक गोष्ट सापडली. आउटलेट व्हॉल्व्हच्या गास्केटखाली दुधाचा जुना थर बसला होता. धुलाईच्या चार्टवर रोज टिक आहे, पण व्हॉल्व्ह उघडून कोणी धूत नव्हते. आज गास्केट बदलले. यापुढे टँकर टाकी रिकामी करून गेल्यावर कॉस्टिक आणि गरम पाण्याची धुलाई व्हॉल्व्ह खोलूनच होईल, शनिवारी ती मी उभा राहून करून घेईन.

फॅट कमी लागते या उत्पादकांच्या तक्रारीबद्दल आपण विचारले होते. "मशीन बरोबर आहे" असे मी म्हणालो होतो, पण आज पाच नमुने गर्बर पद्धतीने तपासले. मशीन सगळ्यांना 0.2 कमी दाखवत आहे. 3.5 च्या काठावर असलेल्या गायीच्या दुधाला एवढ्याने दर कापला जातो. मेकॅनिक उद्या दुपारी कॅलिब्रेशनला येत आहे. तोपर्यंत प्रत्येक सत्रात चार नमुने गर्बरने ताडून पाहू. चालू दहा दिवसांच्या बिलात उत्पादकांना फरक द्यावा असे मला वाटते. त्याची यादी शुक्रवारी आपल्याकडे पाठवतो, मंजुरी आपली हवी.

दोन गोष्टी माझ्या अधिकारात नाहीत. जनरेटरला ऑटो चेंजओव्हर बसवला तर माणसाच्या धावपळीवर अवलंबून राहावे लागणार नाही. त्याचे कोटेशन सोमवारपर्यंत देतो. आणि या महिन्यात टँकर रात्री 11 ऐवजी 10:30 ला आला तर दूध टाकीत कमी वेळ राहील. वाहतूक विभागाशी आपण बोललात तर ते होईल.

पुढच्या प्रत्येक सोमवारी मागच्या आठवड्याची तापमानाची नोंद, जनरेटरचे तास आणि डॉकवरची आम्लता एका पानावर पाठवीन. आम्लता 0.14 च्या आत राहिली पाहिजे. एखाद्या दिवशी वर गेली तर आपण विचारण्याआधी त्याच रात्री माझा फोन येईल.

आपल्याला सवड असेल तेव्हा संध्याकाळच्या संकलनाच्या वेळी केंद्रावर यावे. आधी कळवण्याची गरज नाही.

आपला,
प्रशांत शिंदे
संकलन पर्यवेक्षक, शीतकरण केंद्र क्र. 3