आठवी 'ब': वस्तुचित्राचा फोटो एआय मॉडेलला दाखवण्याबद्दल

मुलांनो,

किटली आणि दोन कांद्यांच्या वस्तुचित्राचा फोटो एआयला दाखवला तर चालेल का, असं चौघापाच जणांनी विचारलं. चालेल, पण आधी हे वाचा. (आपल्या वर्गात मॉडेल म्हणजे समोर मांडलेली किटली. इथे मॉडेल म्हणजे फोटो बघून उत्तर देणारी एआय प्रणाली.)

चित्र पूर्ण झाल्यावरच दाखवायचं. कच्च्या रेखाटनावर सल्ला घ्यायचा नाही, चुका आधी स्वतःच्या डोळ्यांनी शोधा. ॲप आईबाबांच्या फोनवर, त्यांना विचारून, त्यांच्यासमोरच वापरा. बऱ्याच ॲप्सना वयाची अट असते, तुमच्या नावाने खातं उघडू नका.

फोटोत फक्त कागद हवा. कोपऱ्यातलं नाव, हजेरी क्रमांक, शाळेचा शिक्का कापून टाका. चित्र हातात धरून सेल्फी नको. फोटोबरोबर तो कुठे काढला याची नोंदही जाऊ शकते, म्हणून कॅमेऱ्याचं लोकेशन आधी बंद करा. मैत्रिणीचं चित्र तिला न विचारता दाखवायचं नाही.

फोटो खिडकीजवळ, दिवसाउजेडी काढा. फ्लॅश मारला की तेलखडू चमकतात आणि तिथला रंग पांढरा दिसतो. पिवळ्या दिव्याखाली सगळं चित्रच पिवळट येतं, मग मॉडेल म्हणणार, 'उबदार रंगसंगती छान!' आणि तुम्ही तर निळी किटली रंगवलेली. फोन कागदाला समांतर धरा. तिरका धरला तर किटलीचं तोंड जास्तच चपटं दिसेल आणि नसलेली चूक निघेल. फिकट पेन्सिलीची छटा फोटोत उडते, तेवढा भाग जवळून वेगळा घ्या.

'चित्र कसं आहे?' असं विचारू नका, नुसतं कौतुक मिळेल. नेमकं विचारा: 'उजेड डावीकडून आहे, कांद्यांच्या सावल्या त्याला धरून आहेत का?' उत्तर आलं की खरी किटली आणि कांदे समोर ठेवून पडताळा. मी माझ्याच एका चित्रावर विचारलं, तर मॉडेलने तिसरा कांदा अर्धवट राहिल्याचं सांगितलं. खरं तर ती किटलीची सावली होती! डावं-उजवंही या मॉडेलचं चुकतं.

'सुधारून काढून दे' असं मात्र सांगायचं नाही. ते चित्र मग तुमचं उरत नाही, आणि खोडरबराच्या खुणा नसलेला कागद मला लगेच ओळखू येतो.

कागदाच्या मागे तीन ओळी लिहा: काय विचारलं, काय उत्तर आलं, त्यातलं काय पटलं नाही. तिसऱ्या ओळीला दोन गुण आहेत. ज्यांनी एआय वापरलं नाही त्यांनी घरातल्या कुणालाही चित्र दाखवून याच तीन ओळी लिहायच्या. गुण तेवढेच.

मूळ कागद सोमवारी आणा, फोटो मला पाठवू नका.

– चित्रकलेच्या बाई