छातीच्या एक्स-रे वाचनासाठी एआय साहाय्य : तीन महिन्यांच्या चाचणीचा प्रस्ताव

प्रति, व्यवस्थापन समिती (30 खाटांचे रुग्णालय, हडपसर, पुणे)

आपल्याकडे महिन्याला साधारण 650 छातीच्या फिल्म निघतात. रेडिओलॉजिस्ट दुपारी दोन तास येतात, त्यामुळे रात्रीची फिल्म सकाळपर्यंत पडून राहते. एआयने संशयित फिल्म रांगेत वर आणाव्यात, एवढेच काम त्याला द्यावे. अहवालावर सही रेडिओलॉजिस्टचीच.

खर्च : प्रति फिल्म ₹35, म्हणजे महिन्याला ₹22,750, संगणक, यूपीएस व जोडणी एकदाच ₹60,000. तीन महिन्यांचे ₹1,28,250, जीएसटी वेगळा. रुग्णाच्या बिलात वाढ नको.

संमती : नोंदणीवेळी मराठी व हिंदीत वेगळा कागद. ‘तुमची फिल्म संगणक आधी पाहील, निदान डॉक्टर करतील.’ नकार दिल्यास नेहमीप्रमाणे वाचन. फिल्म बाहेर जाताना नाव व मोबाइल क्रमांक काढावा. कंपनीने ती प्रशिक्षणासाठी वापरायची असेल तर वेगळी संमती, हे करारात हवेच.

धोके : खाटेवर पोर्टेबलने घेतलेल्या एपी फिल्ममध्ये हृदय मोठे दिसते; यंत्र तिथे फसते. बरा झालेला टीबीचा जुना व्रणही ते ‘संशयित’ म्हणते, मग विनाकारण सीटी. स्तनाग्राची सावली गाठ ठरते. मोबाइलने काढलेला फोटो चालवू नये, मूळ डायकॉम फाइलच पाठवावी. 15 वर्षांखालील मुले चाचणीतून वगळावीत.

खरी भीती उलटी आहे : ‘नॉर्मल’ शेरा पाहून रात्रपाळीचा डॉक्टर फिल्म उघडणारच नाही. म्हणून त्याचे मत नोंदवल्याशिवाय एआयचा शेरा पडद्यावर दिसू नये. सुटलेला एकही न्यूमोथोरॅक्स आढळला तर चाचणी त्याच दिवशी थांबवावी.