ताबा व व्याजाच्या मागणीची कायदेशीर नोटीस

रजिस्टर्ड पोस्ट, पोचपावतीसह
पुणे, दि. १० जून २०२५

प्रति, प्रवर्तक, वाकड येथील गृहप्रकल्प

माझे अशील, बी विंगमधील सदनिका क्र. ७०४ चे खरेदीदार, यांच्या सूचनेवरून कळवितो की:

दि. १८ ऑगस्ट २०२१ च्या नोंदणीकृत करारानुसार ताबा ३१ डिसेंबर २०२२ पर्यंत देय होता. ६२,४०,००० रुपयांपैकी ५६,१६,००० रुपये आपणास पोचले आहेत. भोगवटा प्रमाणपत्र आजही नाही. कोविडची सबब चालणार नाही. करारच त्या काळातला आहे. महारेरावर आपण वाढवून घेतलेली मुदतही करारातील तारीख बदलत नाही.

‘फर्निचरसाठी ताबा’ घेण्याचा आपला प्रस्ताव अशिलांना अमान्य आहे. भोगवटा प्रमाणपत्राविना दिलेली किल्ली म्हणजे ताबा नव्हे.

सबब, रेरा कायदा, २०१६ च्या कलम १८ नुसार १ जानेवारी २०२३ पासून प्रत्यक्ष ताब्यापर्यंत, भरलेल्या रकमेवर स्टेट बँकेचा सर्वोच्च एमसीएलआर अधिक २ टक्के दराने दरमहा व्याज द्यावे, आणि भोगवटा प्रमाणपत्रासह ताबा द्यावा. उर्वरित ६,२४,००० रुपये व्याजातून वळते करावेत.

नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत पूर्तता न झाल्यास कलम ३१ खाली महारेराकडे तक्रार दाखल होईल. खर्च आपल्यावर राहील. अशिलांचे इतर हक्क अबाधित आहेत. नोटीसीची स्थळप्रत कार्यालयात ठेवली आहे.

अशिलांतर्फे वकील