जातिभेद, सुधारणा चळवळी आणि संविधान (मोठं उत्तर)

मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात दलितांना घेत नसत, कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागायचा आणि बाकीच्यांना त्याचा विटाळ वाटायचा, म्हणजे शहरात मशीनसमोर उभं राहूनही जात सुटली नाही. फुल्यांनी १८७३ला सत्यशोधक समाज काढला, शाहू महाराजांनी १९०२ला कोल्हापूर संस्थानाच्या नोकऱ्यांत मागासांसाठी ५० टक्के जागा राखीव केल्या. मुंबई कायदेमंडळातल्या १९२३च्या बोले ठरावाने सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना कागदावर खुले झाले पण महाडला पाणी मिळेना, मग १९२७ला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. कलम १५ मध्ये विहिरी-तलावांचा उल्लेख आहे तो उगाच नाही! कलम १७ने अस्पृश्यता रद्द केली, १९८९ला अ‍ॅट्रॉसिटी कायदा आला. आरक्षणाला आर्थिक निकष हवा असंही बरेच जण मांडतात, २०१९ला तसं १० टक्के आलंही, पण गटारात उतरणारा माणूस आजही बहुतेकदा कुठल्या जातीचा असतो ते बघा.