स्वस्त थ्रीडी प्रिंटर तीन महिन्यांनंतर: आवाज, बेड आणि कामाचे बदल

प्रिंटर नेहमीच्या घडणीचा आहे: 220×220 मिमी बेड पुढे-मागे सरकतो, एक्स्ट्रूडर बोडेन पद्धतीचा, हॉटएंडमध्ये पीटीएफई नळी थेट नोझलपर्यंत गेलेली. तीन महिन्यांत सुमारे 400 तास चालला, बहुतेक पीएलए आणि थोडं पीईटीजी. या पैशात मशीन चांगलं आहे, पण बेड कमजोर आहे. सुधारणेसाठी पैसे ठेवलेत तर आधी बेडवर घाला.

आवाजाचं आधी उरकू. बोर्डवर टीएमसी2208 ड्रायव्हर असल्याने मोटरी जवळजवळ ऐकू येत नाहीत. गोंगाट पंख्यांचा आहे. एक मीटरवरून फोनच्या ॲपवर 50 ते 52 डेसिबल दिसतात, आणि प्रिंट चालू नसतानाही आकडा फारसा उतरत नाही. दोषी हॉटएंडचा 40 मिमी पंखा आणि पॉवर सप्लायचा पंखा. 40 मिमी पंखा बदलताना व्होल्टेज बघा: प्रिंटर 24 व्होल्टचा आहे आणि शांत पंखे बऱ्याचदा 12 व्होल्टचे मिळतात. मध्ये बक कन्व्हर्टर लागतो, आणि तो पंखा जोडण्याआधी मल्टिमीटरने 12 वर आणायचा. हवा कमी फेकणारा पंखा घेतलात तर उष्णता वर चढते, फिलामेंट नोझलच्या वरच मऊ होतं आणि अडकतं. शांततेपायी हवा घालवू नका. टेबल घुमत असेल तर फोमवर जड सिमेंटची फरशी ठेवून तिच्यावर प्रिंटर बसवा. टेबलाची घरघर जवळपास थांबते.

आता बेड. ॲल्युमिनियमची प्लेट मध्यभागी कोपऱ्यांपेक्षा 0.28 मिमी खाली आहे. पहिला थर 0.2 मिमीचा, म्हणजे खड्डा थरापेक्षा खोल. कोपरे कागदाने नीट जुळवले तरी मध्यभागी फिलामेंटची रेघ दबत नाही, गोल दोऱ्यासारखी पडते आणि नखाने सहज उचलली जाते. मध्य जुळवला तर कोपऱ्यांवर नोझल घासतं आणि एक्स्ट्रूडर टकटक वाजू लागतो. सोबत आलेली मऊ चुंबकी शीटही प्लेटचाच आकार घेते, शिवाय नोझल टेकलं की तिच्यावर कायमचा खळगा पडतो.

स्प्रिंगा मऊ आहेत, त्यामुळे दर चार-पाच प्रिंटनंतर लेव्हल हलते. त्यांच्या जागी चार सिलिकॉन स्पेसर टाकल्यावर तीन-तीन आठवडे हात लावावा लागत नाही. पण त्याआधी बेडचा कोपरा धरून हलवून बघा. खटखट लागली तर दोष स्प्रिंगांचा नाही, खालच्या चाकांचा आहे; एक्सेंट्रिक नट हळूहळू फिरवा, चाक बोटाने जेमतेम फिरेल इतपतच. जास्त आवळलं तर चाकं सपाट होतात.

लेव्हल नेहमी गरम बेडवर करा, कारण तापल्यावर प्लेटचा आकार बदलतो. 60 अंशांवर दहा मिनिटं थांबा, होम करा, समोरासमोरचे कोपरे जुळवा, मग पूर्ण फेरी पुन्हा. एका कोपऱ्याचा स्क्रू फिरवला की बाकीचे हलतात, म्हणून एका फेरीत काम होत नाही.

खड्ड्यावर खरा इलाज म्हणजे बेडची उंची जागोजाग मोजणारा प्रोब. 5×5 जाळी मोजून घेतली की फर्मवेअर नोझलची उंची जागोजाग सांभाळतं. इथे एक चूक फार जण करतात: मार्लिन फर्मवेअरमध्ये होम करणारं `G28` झालं की मोजलेली जाळी सहसा बंद होते. स्लायसरच्या स्टार्ट कोडमध्ये तिला परत चालू करावं लागतं:

```
M190 S60
G28
M420 S1
```

पृष्ठभागासाठी खरबरीत पीईआयची स्टीलची शीट घ्या. थंड झाली की वस्तू आपोआप सुटते. चिकटणं कमी झालं तर भांड्यांच्या साबणाने धुवा. बोटांचं तेल आयपीएने नुसतं पसरतं, नीट निघत नाही. गुळगुळीत पीईआयवर पीईटीजी इतकं घट्ट बसतं की शीटचा थर उपटतो, तेव्हा मध्ये ग्लू स्टिकचा पातळ हात द्या.

बाकीच्या बदलांत एक्स्ट्रूडरचा धातूचा आर्म घ्याच. मूळ प्लास्टिकच्या आर्मला टेन्शन स्क्रूजवळ केसाएवढा तडा जातो, वरून दिसत नाही, आणि फिलामेंट कमी पडत राहतं. आर्म बसवल्यावर 100 मिमी फिलामेंट ओढायला लावून मोजा. आमच्याकडे 96.4 मिमी गेलं, म्हणून एक्स्ट्रूडरचा दर मिमीला स्टेप्सचा 93 हा आकडा 93 × 100 ÷ 96.4 = 96.5 केला: `M92 E96.5`, मग `M500`.

पूर्ण धातूचा हॉटएंड फक्त पीएलए छापणाऱ्याला नको; उलट अडकण्याचा त्रास वाढू शकतो. 240 अंशांच्या वर जायचं असेल तरच घ्या, कारण त्यापुढे पीटीएफई नळी खराब होते.

बेडच्या वायरची टोकं मात्र पहिल्याच दिवशी तपासा. कथील लावलेलं टोक स्क्रूखाली हळूहळू दबतं, जोड सैल होतो आणि तापतो. टोक कापून फेरूल दाबा, स्क्रू आवळा आणि वायर ओढून बघा. महिन्याने पुन्हा एकदा ओढून बघा.