मधुरा आणि ओंकार : लग्नाच्या निमंत्रणाचा व्हिडिओ

एकूण वेळ 56 सेकंद. मोबाइलवर बघतात तशी उभी फ्रेम. आवाज चौघांचे: आजी, मी (मधुराचा भाऊ रोहन) आणि शेवटी आई आणि शौर्य. मागे सनई हळू ठेवायची. आजी बोलायला लागली की ती जवळजवळ ऐकूच येऊ नये.

0 ते 6 सेकंद

सकाळचं धुकं, कृष्णेचा घाट, पलीकडे ढोल्या गणपतीच्या देवळाचं शिखर. हे बाहेरूनच घ्यायचं, गाभाऱ्यात कॅमेरा न्यायचा नाही.

पडद्यावर: ॥ श्री गजानन प्रसन्न ॥

रोहन: पहिली अक्षत वाईच्या ढोल्या गणपतीला ठेवली. आता तुमच्याकडे आलोय.

6 ते 20 सेकंद

आमची पडवी. आजी जात्याशी बसलीय. आधी फक्त तिचे हात: खुंटा फिरतोय, पाळीतून पिवळीधमक हळद सांडतेय, बांगड्यांच्या काठाला हळद लागलीय. मग चेहरा. भिंतीवरचा आबांचा फोटो फ्रेममध्ये आलाच पाहिजे, त्यासाठी खाट बाजूला केली तरी चालेल.

आजी: मी सुमन जाधव, मधुराची आजी. माझ्या दारात चौतीस वर्षांनी मांडव घातलाय. दिलीपच्या लग्नानंतर आत्ताच. हळद आमच्याच रानातली, मी दळलेली. सगळ्यांनी यायचं. आणि जेवायच्या वेळेला नाही, सकाळच्या चहालाच यायचं!

(अक्षयदादा, “माझ्या दारात” म्हटल्यावर आजी फोटोकडे बघते आणि क्षणभर थांबते. तो थांबा कापू नकोस. एखादा सेकंद कमी पडला तर नदीच्या दृश्यातून घे. आजीला कागद वाचायला द्यायचा नाही, तिला नुसतं सांगायचं की पुण्याची आत्या समोर बसलीय, तिला आमंत्रण दे.)

20 ते 34 सेकंद

मधुरा शेताच्या बांधावरून चालत येते, ओंकार मेणवलीच्या घाटाच्या पायऱ्या उतरतो. मागे वसईहून आलेली ती मोठी घंटा दिसू दे. पाहुणे तिच्यावरून गाव ओळखतील. शेवटी दोघं पाण्याकाठच्या एकाच पायरीवर.

रोहन: चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी मधुरा, मेणवलीच्या सौ. वैशाली आणि श्री. दिलीप जाधव यांची कन्या. आणि चिरंजीव ओंकार, कोरेगावच्या सौ. शोभा आणि श्री. विजय पवार यांचे सुपुत्र.

पडद्यावर:
चि. सौ. कां. मधुरा
आणि
चि. ओंकार

नावं पडद्यावर पूर्ण चार सेकंद स्थिर राहू देत. गरगर फिरणारी, चकाकणारी अक्षरं नकोत. कोरेगावच्या काकांना चष्म्याशिवाय वाचता यावीत एवढी मोठी हवीत. दोन्ही नावांचा आकार सारखा ठेवायचा. नवरदेवाकडचं नाव बारीक झालं की ते बोलून दाखवत नाहीत, पण मनाला लागतं.

34 ते 47 सेकंद

घरासमोरचं अंगण. पोरं आंब्याच्या डहाळ्या बांधतायत, आई उंबऱ्यापुढे रांगोळी काढतेय. कॅमेरा रस्त्यापासून चालत दारापर्यंत येऊ दे, म्हणजे नवखा माणूसही घर चुकणार नाही.

रोहन: रविवार, तेरा डिसेंबर. दुपारी बारा वाजून सव्वीस मिनिटांनी अक्षता. लग्न आमच्या दारातच, मेणवलीला. आणि हळद आदल्या दिवशी, संध्याकाळी पाच वाजता.

पडद्यावर:
विवाह : रविवार, 13 डिसेंबर 2026, दु. 12.26
हळद : शनिवार, 12 डिसेंबर 2026, सायं. 5
स्थळ : जाधव यांचे राहते घर, मेणवली, ता. वाई, जि. सातारा
पुण्याहून येताना सुरूर फाट्यावरून, साताऱ्याहून येताना पाचवडवरून वाईकडे वळावे

47 ते 56 सेकंद

सगळं घर मांडवाखाली उभं. आई-बाबा हात जोडून, मधे आजी खुर्चीवर, वहिनीच्या कडेवर शौर्य.

आई: आहेर काही आणू नका. मुक्कामाला या.

शौर्य: माझ्या आत्याच्या लग्नाला यायचं हं!

पडद्यावर:
आपले नम्र
समस्त जाधव परिवार, मेणवली

शौर्य “लग्नाला”च्या जागी “लगनाला” म्हणतो. तेच ठेव. सनई त्याच्या “हं” वर थांबली पाहिजे, आणि मग सगळे हसतात ते हसणं चित्र विझेपर्यंत ऐकू येऊ दे.