फुलांची रंगपंचमी : लहान मुलांच्या सुरक्षित खेळासाठी घोषवाक्ये

आपल्या सोसायटीच्या पालक समितीने यंदाच्या रंगपंचमीसाठी ही घोषवाक्ये तयार केली आहेत. गेल्या वर्षी येथील एका तीन वर्षांच्या मुलीच्या गालांवर रंगामुळे पुरळ उठले आणि चार रात्री ती खाजेने झोपली नाही. ते बघितल्यावर हे काम पुढच्या वर्षावर ढकलणे आम्हाला योग्य वाटले नाही.

प्रवेशद्वारावरील मोठा फलक

पळस फुलला की फाल्गुन रंगतो. तोच केशरी रंग यंदा आपल्या लेकरांच्या गालांवर लागू द्या.

नाशिकच्या जुन्या भागातल्या रहाडींसाठी फुले उकळून रंग करण्याची रीत आहे. त्याच नाशिकची आपली मुले कशापासून केली हे ठाऊक नसलेल्या भुकटीने का खेळावीत?

वाण्याच्या दुकानाशेजारील फलक

पुडीवर ‘नैसर्गिक’ असे ठळक छापले आहे, पण रंग कोणी केला, कशापासून केला आणि कधी केला हे कोठेच लिहिलेले नाही, अशी पुडी बाळासाठी घेऊ नका.

चंदेरी चमक, डांबरासारखा काळा आणि धुऊनही न निघणारा हिरवा हे रंग खेळण्याचे नव्हेत; मुलाने कितीही हट्ट धरला तरी ते घरी आणू नका.

घरोघरी द्यायच्या पत्रकावर

हळदीचा पिवळा, बीटाचा गुलाबी, पळसाचा केशरी. सणाचे रंग आहेत आपल्याच घरी.

रात्री पळसाची फुले पाण्यात भिजत घाला, सकाळी तेच पाणी उकळून, दुहेरी फडक्यातून गाळून पूर्ण थंड करा आणि मगच पिचकारीत भरा, कारण वरून निवलेले दिसणारे पाणी आतून बराच वेळ गरम असू शकते.

एक वाटी हळदीला दोन वाट्या तांदळाचे बारीक पीठ घ्या आणि चाळणीने दोनदा चाळा. बोटांना खरखर लागली, तर ती बाळाच्या गालालाही लागेल.

चुन्याने हळद लाल होते हे खरे, पण चुना कोवळ्या त्वचेला झोंबतो. मुलांच्या रंगात चुना नको, लालीसाठी किसलेल्या बीटाचे पाणी पुरेसे आहे.

घरचा रंगही एखाद्या त्वचेला सोसत नाही, म्हणून आदल्या दिवशी मुलाच्या कोपराच्या आतल्या बाजूस थोडासा लावून पाहा, आणि तेथे लाली किंवा खाज आली तर तो रंग त्याच्यासाठी वापरू नका.

खेळाच्या मैदानावर

आधी खोबरेल, मग रंगांचा खेळ : कानांच्या पाळ्या, मान आणि बोटांच्या बेचक्यांनाही तेल लावा आणि अंगभर सुती कपडे घाला.

तान्ह्या बाळाला रंग लावू नका. त्याच्या हाती झेंडूचे फूलही देऊ नका, कारण या वयात हाती आलेली प्रत्येक वस्तू पहिल्यांदा तोंडात जाते. मूठभर गुलाल चघळणारे बाळ ज्यांनी पाहिले आहे, त्यांना हे वेगळे सांगावे लागत नाही.

चेहऱ्यावर कोरडा रंग उधळू नका. तो डोळ्यांत जातो आणि श्वासाबरोबर छातीतही उतरतो.

मूल मागे सरकले, आईच्या पदराआड लपले किंवा नुसते ‘नको’ म्हणाले, की पुढे आलेला हात तिथेच थांबवा. ओढून आणून रंगवलेल्या मुलाला पुढच्या वर्षीही रंगपंचमीची भीती वाटते.

पाण्याचे फुगे मारू नका. नेम चुकला की फुगा डोळ्यावर बसतो.

नळाजवळील फलक

रॉकेल नको, घासणी नको, कपडे धुण्याचा साबण तर नकोच. साध्या पाण्याने रंग सोडवा, मग सौम्य साबण लावा आणि शेवटी पुन्हा खोबरेल लावा.

हळदीची पिवळी छटा एका अंघोळीत गेली नाही तरी चालेल, ती दोन दिवसांत आपोआप उतरते. घासून सोललेली कातडी मात्र इतक्या लवकर भरून येत नाही.

डोळ्यांत रंग गेला तर चोळू नका, स्वच्छ पाण्याची धार सोडून डोळा पंधरा मिनिटे धुवा. त्यानंतरही लाली किंवा दुखणे राहिले, तर घरी थेंब न टाकता मुलाला डॉक्टरांकडे घेऊन जा.

उद्वाहनातील छोटा फलक

रंगपंचमीला सकाळी नऊ ते अकरा या वेळेत मागच्या हिरवळीवर केवळ सहा वर्षांखालील मुलांचा खेळ आहे. पळसाचे पाणी आणि हळदीचा रंग समिती देईल, बाहेरचा कोणताही रंग आत आणू नये, आणि प्रत्येक मुलासोबत घरातील एक मोठे माणूस असावे.